भाडेकरूसाठी जाहिरात लिहिताना या चुका टाळा

मे-जून आला की नाशिकमध्ये भाड्याच्या घरांच्या जाहिराती वाढतात. बदल्यांचे आदेश निघतात, महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नवी भरती होते आणि इंदिरानगरपासून म्हसरूळपर्यंत रिकाम्या फ्लॅटची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. भाग, मजला, भाडे आणि डिपॉझिट सांगून झाले की बहुतेक जाहिरातींत शेवटी एक ओळ येते, ती म्हणजे कोणी फोन करू नये याची. हा लेख त्या एका ओळीपुरताच आहे, कारण जाहिरातीतला सर्वाधिक अन्याय तिच्यातच होतो आणि घरमालकाचे नुकसानही बहुधा तिच्यामुळेच होते.

नमुन्यादाखल एक जाहिरात घेऊ. ती मी येथे जुळवून लिहिली आहे, पण तिच्यातला प्रत्येक शब्द रोज वाचायला मिळतो.

«पाथर्डी फाट्याजवळ २ बीएचके फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट, पार्किंग. भाडे १४,००० रु., डिपॉझिट ५०,००० रु. फक्त सुसंस्कृत, शाकाहारी हिंदू कुटुंबासाठी. बॅचलर व एकट्या महिलांनी फोन करू नये. आमच्या समाजास प्राधान्य.»

चूक पहिली: अडचण वागण्याची, पण नाव गटाचे

«बॅचलर नको» असे लिहिणाऱ्या घरमालकाला शांतपणे कारण विचारले, तर उत्तर लग्नाविषयीचे नसते. माझ्या ओळखीच्या एका काकूंना मी हेच विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, «अहो, करार तिघांचा होता आणि राहायला सहा जण. त्यातला एक सोडून गेला, त्याच्या जागी कोण आला ते मला कळलंसुद्धा नाही. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं मागायला गेले, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.» काकूंची तक्रार अगदी रास्त आहे, मात्र तिच्यातली एकही गोष्ट विवाहाने सुटणारी नाही. विवाहित जोडप्याकडेही गावाहून चार नातेवाईक येऊन वर्षभर राहू शकतात, आणि भाडे थकवणाऱ्यांत कुटुंबेही असतात.

या अडचणीचे खरे उत्तर जाहिरातीत आणि करारात लिहिता येते. फ्लॅटमध्ये जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतील, तो आकडा द्यावा. पाणी, पार्किंग आणि खोल्या पाहता २ बीएचकेसाठी चार हा आकडा सहज समर्थनीय आहे. राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव करारात असावे. नवी व्यक्ती येणार असेल तर आधी लेखी संमती घ्यावी आणि पोलिस ठाण्यात तिचीही माहिती द्यावी. पूर्ण भाड्यास सगळे मिळून, तसेच प्रत्येक जण एकट्यानेही जबाबदार राहील, असे कलम घालावे. काकूंच्या करारात नेमके तेच नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाचीच आहे. कागद एवीतेवी करायचाच आहे, तर या अटी त्यात घालायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

आता «फक्त कुटुंबासाठी» या शब्दांनी कोण बाहेर गेले ते पाहा. रुग्णालयात पाळीवर काम करणारी अविवाहित परिचारिका, शिक्षणासाठी एकत्र राहणाऱ्या दोन बहिणी, घटस्फोटानंतर मुलाला घेऊन स्वतंत्र राहणारी शिक्षिका, ओझरला नोकरीस लागलेला मुलगा आणि त्याची विधवा आई, हे सारे ती ओळ वाचून फोन करण्याचे टाळतात. यांपैकी प्रत्येक जण वेळेवर भाडे देणारा आणि घर नीट ठेवणारा असू शकतो. «एकट्या महिला नको» ही अट तर त्याहून कठोर आहे, कारण तिच्यामागे बहुतेक वेळा घराच्या काळजीऐवजी त्या स्त्रीच्या आयुष्याविषयीचा संशय असतो आणि घरमालकाला तो बाळगण्याचा काहीही अधिकार नाही.

एखादी ओळ ठेवावी की काढावी, हे ठरवायला मी एक साधी कसोटी वापरतो. तीच अट आपल्या सख्ख्या भाच्याला घर देतानाही सांगणार असू, तर ती घराची अट आहे. त्याच्यासाठी ती लगेच सोडून देणार असू, तर ती माणसाविरुद्धची अट आहे आणि तिला जाहिरातीत जागा नाही.

चूक दुसरी: «शाकाहारी» हा शब्द सरसकट वापरणे

हा मुद्दा नाजूक आहे. वाचणारा माणूस «शाकाहारी» या शब्दातून आहाराबरोबर जात आणि धर्मही वाचतो, आणि अनेकदा लिहिणाऱ्यालाही तेच सुचवायचे असते. म्हणून जागा कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे लागते.

घरमालक स्वतः त्याच घरात राहत असून गंगापूर रोडवरच्या बंगल्यातली एक खोली पेइंग गेस्टला देत असेल आणि स्वयंपाकघर सामाईक असेल, तर ती वस्तुस्थिती तशीच लिहावी: «स्वयंपाकघर सामाईक असून त्यात मांस, मासे व अंडी शिजवली जात नाहीत.» हे वाक्य एका ओट्याचा वापर सांगते. बाहेर काय खायचे, हे राहणाऱ्याचे राहणाऱ्यावर राहते, आणि ही सोय आपल्याला चालेल की नाही हे कोणत्याही धर्माचा माणूस स्वतः ठरवू शकतो.

स्वतंत्र फ्लॅट असेल, तर हे कारण उरत नाही. वास आणि कचरा यांचीच काळजी असेल, तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवून तो वापरण्याची अट घालावी आणि ओला कचरा रोज घंटागाडीत द्यावा असे लिहावे. ही अट कांदा-लसणाच्या फोडणीलाही लागू पडते आणि सुकटीच्या कालवणालाही. हे दोन्ही मान्य करणारा माणूस समोर असूनही मन तयार होत नसेल, तर अडचण वासाची नव्हती, हे घरमालकाने स्वतःशी कबूल करावे आणि तो शब्द खोडावा.

चूक तिसरी: आडून सुचवणे

«हिंदू» आणि «आमच्या समाजास प्राधान्य» हे शब्द काढून टाकणे सोपे आहे. त्यांना पर्यायी वाक्य शोधण्याची गरजच नाही, कारण फ्लॅटच्या वापराशी त्यांचा संबंध नाही. अडचण होते ती त्यांच्या जागी येणाऱ्या सौम्य शब्दांची. «सुसंस्कृत», «चांगल्या घरातील», «सोसायटीतील वातावरणास साजेसे» या शब्दांना मोजता येईल असा अर्थ नसतो. ज्यांना आजवर घरे नाकारली गेली आहेत, त्यांना मात्र ते नेमके कोणासाठी लिहिले आहेत हे कळते. रात्री दहानंतर मोठ्या आवाजात संगीत नको असेल, तर तसेच लिहावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. घटनेच्या कलम १५(१) मधील भेदभावबंदी राज्यसंस्थेला बांधते आणि खासगी घरमालकाने धर्म पाहून घर नाकारण्यास सरसकट बंदी घालणारा एकच सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. त्यावरून काहीही लिहिलेले चालते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला आहे. तृतीयपंथी व्यक्तींना घर भाड्याने घेण्यात भेदभाव करण्यास २०१९ च्या कायद्याने, तर एचआयव्हीबाधितांबाबत तसे करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. जाहिरातीत लिहिलेली ओळ हा लेखी पुरावा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

जाहिरात सुधारली, तरी अडचण फोनवर येते

ओळ खोडल्यावरही एजंट पहिल्याच फोनवर «आडनाव काय?» असे विचारतो आणि उत्तर ऐकून «फ्लॅट गेला» म्हणतो, असे घडते. असे होत आहे का, हे ओळखायचे असेल तर एजंटकडे किती फोन आले आणि त्यांतल्या कोणाला कोणत्या कारणाने नकार दिला, याची यादी मागावी. «गेला» असे सांगितल्यानंतरही जाहिरात चालूच असेल, तर उत्तर मिळाले. एजंटला सुरुवातीलाच लेखी संदेश पाठवावा की पहिल्या फोनवर फक्त चार गोष्टी विचाराव्यात: कधीपासून हवे, किती जण राहणार, वाहने किती आणि किती महिन्यांसाठी. पूर्ण नाव आणि ओळखपत्र करारासाठी लागतेच, पण ते घर पाहून अटी मान्य झाल्यावर मागावे. «लग्न झालंय का?» हा प्रश्न कोणत्याही टप्प्यावर लागत नाही.

दुसरे कारण सोसायटीचे सांगितले जाते. «कमिटीला बॅचलर चालत नाहीत» असे अध्यक्ष तोंडी म्हणाले, तर कोणता ठराव आणि कोणता उपविधी, हे पत्राने विचारावे आणि पत्राची पोच घ्यावी. सभासदाने सोसायटीला भाडेकरूची माहिती आणि कराराची प्रत द्यायची असते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क आकारते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. लेखी उत्तर न देताच अडवणूक झाली, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. ठराव न पाहताच «सोसायटीच्या नियमानुसार फक्त कुटुंब» असे आपल्या जाहिरातीत लिहू नये.

वरची जाहिरात आता अशी होईल:

«पाथर्डी फाट्याजवळ २ बीएचके फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट. भाडे १४,००० रु., डिपॉझिट ५०,००० रु., नोंदणीकृत करार ११ महिने, पहिले ६ महिने सोडता येणार नाही. जास्तीत जास्त ४ व्यक्ती. सर्व प्रौढांची नावे करारात. एक चारचाकी व दोन दुचाकींची जागा. रात्री १० नंतर मोठा आवाज नको. ओला व सुका कचरा वेगळा करून रोज घंटागाडीत द्यावा. भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत बँकेत. या अटी मान्य असणाऱ्या कोणीही संपर्क साधावा.»

गट वगळले नाहीत तर फोन फार येतील, अशी भीती अनेकांना वाटते. वास्तविक सहा महिन्यांचे बंधन, चार जणांची मर्यादा आणि एकाच चारचाकीची जागा वाचून ज्यांना जमणार नाही ते आपणहून फोन करत नाहीत. तरीही एकाहून अधिक जण तयार झाले, तर अटी मान्य करून कागदपत्रे आधी देणाऱ्याला घर द्यावे, तो क्रम वहीत लिहून ठेवावा आणि बाकीच्यांना त्याच दिवशी खरे कारण कळवून जाहिरात काढून घ्यावी.