हातचा खाली द्यायचा की दशक सुटा करायचा? तिसरीच्या पालकांसाठी वजाबाकीची नवी रीत

मागच्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीची वही तपासत होते. ७२ वजा ३८ असं गणित होतं आणि उत्तर होतं २४. वरचा ७ नीट खोडून त्यावर ६ लिहिलेला, २ चे १२ केलेले, म्हणजे वर्गात शिकवलं तसंच. पण खालच्या ३ च्या शेजारी पेन्सिलीने एक बारीकसा १ होता. "हा कोणी लिहिला गं?" "आजीने. ती म्हणाली, हातचा खाली द्यायचा राहिला."

आजीचं चुकलं नव्हतं, मुलीचंही नव्हतं. दोन वेगवेगळ्या रीती एकाच गणितात शिरल्या, एवढंच. गेल्या महिन्यात अशा चार-पाच वह्या हाती आल्या, म्हणून हे लिहिते आहे.

आधी तुमची रीत. २ मधून ८ जात नाहीत, म्हणून तुम्ही वरच्या २ ला दहा देता, १२ मधून ८ गेले ४. मग "हातचा एक" म्हणून खालच्या ३ चे ४ करता, ७ मधून ४ गेले ३. उत्तर ३४. यात तुम्ही वरच्या संख्येत दहा मिळवले आणि खालच्या संख्येतही दहाच मिळवले, फक्त वर दहा एकक म्हणून आणि खाली एक दशक म्हणून. भरती आली की धक्क्याला बांधलेल्या दोन्ही होड्या सारख्याच वर येतात, त्यांच्या डोलकाठ्यांच्या टोकांमधलं अंतर बदलत नाही. तसंच हे. दोन्ही संख्या दहाने वाढल्या, फरक तोच राहिला. रीत पक्की आहे, पण ती अशी का चालते हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत कोणी सांगितलं होतं? मला तरी नाही.

नव्या रीतीत खालच्या संख्येला हातच लावायचा नाही. जे काय करायचं ते वर. घरी दाखवायला माडाच्या झावळीचे हीर घ्या, केरसुणीतून निसटलेलेही चालतील. दहा-दहाच्या जुड्या बांधा, रबर लावा. ७२ म्हणजे सात जुड्या आणि दोन सुटे हीर. आता मुलाला सांगा, यातले ३८ मला दे. तो आठ सुटे द्यायला जाईल, पण सुटे दोनच आहेत. इथे थांबा आणि काही बोलू नका. बहुतेक मुलं स्वतःच एका जुडीचं रबर काढतात. रबर निघालं की जुड्या सहा उरल्या आणि सुटे बारा झाले. हीर अजूनही ७२ च आहेत, हे एकदा मोजून घ्या. मग आठ सुटे आणि तीन जुड्या उचलायच्या. वहीत हेच असं दिसतं:

```
    ६  १२
    ७   २
 −  ३   ८
 ---------
    ३   ४
```

वरचा ६ आणि १२ म्हणजे रबर काढल्यानंतरचा ढीग. मुलाने ७ खोडला की विचारा, "जुड्या किती उरल्या? सुटे किती झाले?" ही दोन उत्तरं त्याने दिली की पुढचं आपोआप येतं.

एक शब्द मात्र जपून वापरा. "शेजारच्या घराकडून एक उसना घेतला" असं आपण सहज म्हणतो. उसना घेतलेला परत द्यावा लागतो, आणि मग मूल तो खाली परत देऊन मोकळं होतं. इथे उसनवारी काहीच नाही. दहाची नोट दुकानात देऊन रुपयाची दहा नाणी आणली, इतकंच. म्हणून आम्ही वर्गात "दशक सुटा केला" म्हणतो.

चुकलेलं उत्तर बघूनच कुठे अडलं ते बहुतेकदा कळतं. ७२ वजा ३८ चं उत्तर २४ आलं, म्हणजे दहा कमी, तर वरचा ७ खोडून झाल्यावर खालीही हातचा दिला गेला. ४४ आलं, म्हणजे दहा जास्त, तर सुटे बारा केले पण ७ चा ६ करायचा राहिला. आणि ४६ आलं तर मुलाने २ मधून ८ जात नाहीत म्हणून उलट ८ मधून २ काढले. ही तिसरी चूक सगळ्यात गंभीर, कारण त्याला वरची संख्या म्हणजे आपल्याकडचा ढीग आणि खालची म्हणजे द्यायचे हीर, हेच अजून उमगलेलं नाही. अशा वेळी वही मिटून पुन्हा हीर काढा. पहिल्या दोन चुकांना एवढं लागत नाही.

खरी पंचाईत मधे शून्य आलं की होते. ५०३ वजा २६८ घ्या. ३ मधून ८ जात नाहीत. शेजारी दशक बघावा तर तिथे शून्य. सुटी करायला जुडीच नाही. मग शंभराच्या घरात जायचं. पाच मोठ्या मोळ्या आहेत, प्रत्येकीत दहा जुड्या. एक मोळी सोडली, मोळ्या उरल्या ४, जुड्या झाल्या १०. आता त्या दहातल्या एका जुडीचं रबर काढलं, जुड्या उरल्या ९, सुटे झाले १३.

```
    ४   ९  १३
    ५   ०   ३
 −  २   ६   ८
 -------------
    २   ३   ५
```

१३ मधून ८ गेले ५, ९ मधून ६ गेले ३, ४ मधून २ गेले २. घाईने पायरी गाळायला लावू नका. आधी शून्याच्या जागी १० लिहू द्या, मग तो १० खोडून ९. वही घाण दिसते, दिसू दे. तो ९ कुठून आला हे त्याच खाडाखोडीतून कळतं. पडताळा घ्यायचा तर २३५ आणि २६८ ची बेरीज करायची. ५०३ आले की झालं.

शून्यं असली की जुनी रीत जास्त सुटसुटीत चालते, हे मी मान्य करते. मी स्वतः बाजारात हिशोब करताना तीच वापरते. आणि ५०३ वजा ४९८ सारखं गणित असेल तर दोन्ही रीती बाजूला ठेवा. मासे विकणारी बाई सुटे परत देताना पुढे मोजत जाते, तसं ४९८ पासून दोन पावलं ५०० पर्यंत, आणखी तीन ५०३ पर्यंत, झाले पाच. पण मूल अजून जुड्या सोडायला शिकत असेल तोवर निदान अभ्यासाच्या वहीत हातचा खाली देऊ नका. दिवाळीनंतर तुमची रीतही त्याला जरूर दाखवा, होडीच्या गोष्टीसकट.

आज घरी ४०२ वजा १५७ घालून बघा. बरोबर उत्तर २४५. मुलाने २५५ लिहिलं तर शून्याच्या जागी लिहिलेला १० खोडून ९ करायचा राहिला आहे. आणि १३५ आलं तर घरात कोणीतरी दोनदा हातचा खाली दिला आहे.