तीन फुटांत एकच वाक्य: मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी रिसर्च पोस्टर कसं करावं

पोस्टरची फाईल उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि गाईडना फोनवर सांगाल तसं एका वाक्यात लिहा: आपल्याला काय सापडलं? पोस्टर इंग्रजीतच असणार, पण हे वाक्य आधी मराठीत लिहा. घरच्या भाषेत बोजड शब्दांमागे लपता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. समजा, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत औषध फवारणाऱ्या १२० मजुरांना तुम्ही प्रश्नावली विचारलीत. त्यांतले ८४ जण फवारताना डोळ्यांना संरक्षक चष्मा लावत नव्हते आणि त्यांच्यापैकी ४२ जणांचे डोळे चुरचुरत होते. चष्मा लावणारे ३६ होते, त्यांत तक्रार ९ जणांची. म्हणजे निम्मे विरुद्ध पाव. मास्टर चार्टमध्ये वय, शिक्षण, हातमोजे, तंबाखू, डोकेदुखी असं बरंच काही असेल, पण वाक्य इतकंच: ‘चष्मा न लावणाऱ्या फवारणी मजुरांत डोळ्यांची तक्रार दुप्पट आढळली.’

‘आढळली’ हा शब्द जपा. तुम्ही सगळ्यांना एकदाच भेटलात, त्यामुळे ‘चष्मा न लावल्यामुळे डोळे चुरचुरतात’ असं म्हणायला आधार नाही. डोळे चुरचुरायला लागल्यावर कुणी चष्मा घेतलाही असेल. परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

आता हेच वाक्य शीर्षक करा. ‘...चा अभ्यास’ छापाचं लांबलचक नाव ॲबस्ट्रॅक्टमध्ये दिलेलं असेल आणि आयोजक ते बदलू देत नसतील, तर ते वर लहान अक्षरांत राहू द्या आणि निष्कर्षाचं वाक्य त्याखाली सगळ्यांत मोठं घ्या.

मग माप. आयोजकांच्या पत्रात दिलं असेल तेच घ्यायचं. आपल्याकडे बऱ्याचदा तीन बाय चार फूट, उभं असतं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड सुरुवातीलाच ३६ × ४८ इंचांची करा. नंतर ताणली की सगळं विस्कटतं. मुख्य वाक्य ८० ते १०० पॉइंट, बाकी मजकूर २८च्या खाली नको. ग्राफवरची अक्षरंही यात आली, आणि तीच नेहमी बारीक राहतात.

मजकूर मावत नाही, तेव्हा विद्यार्थी अक्षर लहान करतात. अक्षर तसंच ठेवा, मजकूर छाटा. प्रस्तावनेची दोन वाक्यं पुरतात. पद्धतीत कोण, किती, कुठे, कसे निवडले, काय विचारलं आणि इथिक्स कमिटीची मंजुरी एवढं ठेवा. वय-शिक्षणाचा बारा ओळींचा टेबल काढून ‘सरासरी वय इतकं, बहुतेक पुरुष’ अशी एक ओळ लिहा. मुलांना हा टेबल काढताना फार जड जातं, कारण त्यावर रात्री घालवलेल्या असतात. त्याची झेरॉक्स खिशात ठेवा, कुणी विचारलं तर दाखवा.

मधली मोठी जागा एका ग्राफला द्या. आपल्या उदाहरणात दोनच आडवे पट्टे: चष्मा नाही, ८४ पैकी ४२, ५० टक्के, चष्मा आहे, ३६ पैकी ९, २५ टक्के. आकडे पट्ट्यांवरच लिहा, म्हणजे बाजूला रंगांची सूची लागत नाही. अक्ष शून्यापासून सुरू करा, नाहीतर फरक उगाच फुगतो. थ्रीडी पाय चार्ट तर नकोच. त्यात पुढचा तुकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. खाली एक ओळ: फरक २५ टक्के-अंकांचा, ९५ टक्के विश्वासअंतर साधारण ७ ते ४३. अंतर एवढं रुंद आहे, कारण चष्मेवाले ३६च होते. ही मर्यादा आपणच लिहावी. परीक्षकाने काढून दाखवली की जास्त लागते.

छापण्याआधी पूर्ण पोस्टर ए-फोर कागदावर मावेल असं प्रिंट करा. २८ पॉइंटचं अक्षर तिथे सहा-साडेसहा पॉइंटचं होतं: बारीक, पण वाचता येतं. जे वाचताच येत नाही, ते पोस्टरवरही लहानच आहे. मग प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या मित्राला हा कागद दहा सेकंद दाखवून काढून घ्या आणि काय कळलं ते विचारा. तो ‘द्राक्षाचं काहीतरी’ म्हणाला, तर शीर्षकाकडे परत जा.

फ्लेक्सवाल्याला पॉवरपॉइंटची फाईल देऊ नका. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पोस्टरवर ‘≥’च्या जागी चौकोनी डबे छापून आले, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. पीडीएफ द्या, फॉन्ट आत समाविष्ट करून. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि तीन फुटांवर अक्षरांच्या कडा फुटतात. छपाईआधी दुकानाच्या स्क्रीनवर फाईल मोठी करून ≥, ± आणि µ ही तीन चिन्हं स्वतः बघा.