जेवणाआधी व्हिनेगर घ्यायचंच असेल, तर दात आणि घसा सांभाळून कसं घ्यावं

सांगलीतल्या मेडिकलच्या दुकानांत हल्ली ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली मधुमेहाच्या गोळ्यांच्या शेजारीच दिसते. गिऱ्हाईक दोन्ही एकदमच घेतं, त्यामुळे ते औषधच आहे असा समज होतो. ते औषध नाही. पण निव्वळ थोतांडही नाही.

त्याचा परिणाम कुठे दिसतो ते आधी पाहू. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लामुळे अन्न पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो, आणि पिष्टमय पदार्थांची साखर थोडी सावकाश रक्तात येते. म्हणून भाकरी, भात, पाव यांच्या जेवणानंतरची उसळी काही लोकांत कमी होते. २००४ सालच्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यातून देऊन मग पाव आणि संत्र्याचा रस दिला होता. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्यांत फरक चांगला दिसला, आधीपासून मधुमेह असलेल्यांत त्याहून कमी. माणसं मात्र तीसच्या आत होती. पुढचे बहुतेक अभ्यासही असेच लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. वजन उतरल्याचं सांगणारा लेबनॉनमधला गाजलेला अभ्यास तर नियतकालिकाने २०२५ मध्ये मागे घेतला. तेव्हा अपेक्षा एवढीच ठेवा: पिष्टमय जेवणानंतरची साखर थोडी कमी चढेल. गोळी सोडण्याइतकं बळ त्यात नाही.

माप आणि पाणी

बाटलीवर आम्लता पाहा, साधारण ५ टक्के असते. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं झाकण मापाला उत्तम, कारण घरातले चमचे कुठलेही दोन सारखे नसतात. सुरुवात ५ मिलिने करा. पोट जळजळलं नाही, तर आठवड्याभराने १० आणि फार तर १५ मिलि. पाणी पेलाभर, म्हणजे २५० मिलि.

आता खरी गोम. ‘पाण्यात घातलं म्हणजे आम्ल गेलं’ असं सगळ्यांना वाटतं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. व्हिनेगरचा पीएच अडीच ते तीनच्या घरात असतो, आणि दाताचं वरचं कवच साधारण साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. ॲसिटिक आम्ल सौम्य जातीचं असल्याने त्यात दहापट पाणी घातलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने वर जातो. पेलाभर पाण्यातलं एक झाकण व्हिनेगरही तीनच्या आसपासच राहतं. पाण्याने घसा आणि पोट वाचतं, आणि आम्ल एकूण कमी असल्याने लाळेलाही ते लवकर आवरता येतं. पण दातांपुरता विचार केला, तर ते पाणी आंबटच आहे.

काहीजण यावर चिमूटभर खायचा सोडा टाकतात. त्याने आम्ल मरतं हे खरं, पण मग घेण्यात अर्थ उरत नाही. इटलीतल्या एका लहान प्रयोगात असं आम्ल मारलेलं व्हिनेगर दिल्यावर साखरेवरचा परिणामही दिसला नव्हता.

दात सांभाळायचे कसे

घोट घोट घेत बसू नका, तोंडात घोळवू नका. जेवायला बसताना एकदाच प्या. नळी वापरायची, तर तिचं टोक समोरच्या दातांच्या मागे, जिभेवर ठेवा. लगेच साध्या पाण्याने चूळ भरा आणि जेवायला लागा.

ब्रश मात्र तासभर नाही. आम्लाने कवचाचा वरचा थर मऊ झालेला असतो आणि घासलं की तो निघून जातो. आपल्याकडे मिश्री किंवा मीठ-कोळशाने दात घासणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. सकाळी उपाशीपोटी व्हिनेगर आणि पाठोपाठ मिश्री, यापेक्षा वाईट जोडी सुचणं कठीण. मिश्री तंबाखूची आहे हा तर वेगळाच विषय. त्यात कोणी लिंबू-मधाचं पाणीही घेत असेल, तर आम्लाचा दुसरा हप्ता झाला.

दात झिजताहेत हे दुखण्याच्या आधी दिसतं. आरशासमोर उजेडात उभे राहा. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसतात का, दात पिवळट होताहेत का, दाढांच्या माथ्यावर बारीक खळगे पडलेत का, जुनी चांदी भरलेली असेल तर ती दातापेक्षा उंच आलीय का, ते पाहा. गार पाण्याने कळ येणं, दात वरचेवर आंबणं हीही लक्षणं. गेलेलं कवच परत येत नाही, म्हणून यातलं काहीही दिसलं की व्हिनेगर बंद आणि दाताच्या डॉक्टरांकडे.

माझं मत विचाराल, तर पेला बाजूला ठेवावा आणि तेच १० मिलि काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीत घालून भाकरीच्या आधी खावं. चावताना लाळ सुटते आणि घशाचाही प्रश्न येत नाही. इटलीतल्या त्या प्रयोगातही व्हिनेगर सॅलडातूनच दिलं होतं.

घसा

निर्जळ व्हिनेगर कधीही घेऊ नये, एक चमचासुद्धा. हाँगकाँगमध्ये एका बाईंनी घशात अडकलेलं खेकड्याचं कवच मऊ व्हावं म्हणून चमचाभर व्हिनेगर प्यायलं आणि अन्ननलिका भाजून घेतली. माशाचा काटा अडकल्यावर कोणी हा उपाय सांगितला, तर ऐकू नका. गोळ्यांचं रूपही बिनधोक नाही, कारण गोळी घशात अडकून तिथेच भाजल्याची नोंद आहे.

आपल्याला उपयोग होतो का, हे पाहायचं कसं

समजा, विश्रामबागेतले एक निवृत्त शिक्षक दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं आणि वाटीभर भात खातात. तीन दिवस व्हिनेगरशिवाय आणि तीन दिवस व्हिनेगर घेऊन तेच जेवण, त्याच वेळी. साखर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजायची. व्हिनेगरशिवाय साखर ७८, ८४ आणि ७० ने चढली, सरासरी ७७. व्हिनेगर घेऊन ६२, ७५ आणि ५८ ने, सरासरी ६५. फरक १२ चा.

पण व्हिनेगरशिवायच्या तीन दिवसांतच आपापसात १४ चा फरक आहे. शिवाय घरच्या मशीनला साधारण १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. म्हणजे हे १२ खरे की योगायोग, हे सहा दिवसांत कळणार नाही. इतक्याशा फायद्यासाठी दात पणाला लावण्यापेक्षा त्यांनी अर्धी भाकरी कमी करून जेवणानंतर पंधरा मिनिटं चालावं, असं मी म्हणेन. फरक ३०-४० चा आला आणि पुन्हा मोजल्यावरही टिकला, तर कोशिंबिरीतून चालू ठेवायला हरकत नाही.

कोणी घेऊ नये

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. जुन्या मधुमेहाने ज्यांचं पोट आधीच मंद झालंय, थोडं खाल्लं तरी तासन्‌तास भरलेलं वाटतं, त्यांनी मुळीच नाही. व्हिनेगर ते आणखी मंद करतं आणि साखर कधी चढेल याचा अंदाजच राहत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत पोटॅशियम घटायची भीती असते. अल्सर किंवा छातीत जळजळ असणाऱ्यांनीही लांब राहावं. घेतल्यावर गिळताना दुखलं, किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.