कात्रणातले रकाने पुन्हा क्रमाने लावले

आजोबांनी डिसेंबर १९६७ मधलं, कोयना भूकंपाच्या बातमीचं कात्रण वहीत जपून ठेवलं होतं. वर आडवा मथळा, खाली तीन रकाने, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यांच्या मधोमध एक फोटो. स्कॅन करून ते टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामला `--psm 6` लावून दिलं, तर तिन्ही रकान्यांच्या ओळी आडव्या एकमेकींत मिसळल्या. हा पर्याय सगळा मजकूर एकच सलग ठोकळा मानतो.

आधी स्कॅन सरळ केलं, नाहीतर रकान्यांमधली पांढरी पट्टी तिरकी होते आणि कापताना अक्षरं जातात. मग मथळा, रकाने, फोटोओळ वेगवेगळी कापली. एकेका तुकड्याला तोच पर्याय चोख लागू पडला:

```
tesseract r2a.png r2a -l mar --psm 6
```

खरा पेच फोटोपाशी होता. त्याच्या वर दुसरा रकाना ‘घरांच्या’ या शब्दावर तुटत होता. फोटोखाली ‘भिंती कोसळून’ होतं, तिसऱ्या रकान्याच्या माथ्यावर ‘मदतीसाठी’ आणि पुढे नवाच विषय. मी दोन्ही जोडून मोठ्याने वाचलं. वाक्य फोटोखालीच पुरं होत होतं, म्हणजे फोटो ओलांडून खाली जायचं, मगच तिसरा रकाना. फोटोओळीचा टाइप बारीक होता, त्यावरून ती ओळखली आणि बातमीच्या शेवटी वेगळी ठेवली.