दार, खिडकी आणि बीम पाहून पलंग कुठे ठेवावा

पुण्यातल्या फ्लॅटमधील बेडरूममध्ये पलंग बहुधा खिडकीखाली किंवा प्लगजवळ ठेवला जातो, आणि छताकडे कोणी पाहतच नाही. पण फेंगशुई आणि वास्तुशास्त्र बीमखाली झोपणे टाळायला सांगतात, म्हणून सुरुवात छतापासून करावी. स्लॅबखाली उतरलेला बीम भिंतीपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजावे आणि त्याच्या दोन्ही कडांच्या रेषा जमिनीवर खडूने आखाव्यात.

समजा, खोली पूर्व-पश्चिम बारा फूट आणि दक्षिणोत्तर दहा फूट आहे. दार उत्तरेच्या भिंतीत अगदी पूर्व टोकाला आहे, खिडकी पश्चिमेला आहे आणि नऊ इंच रुंदीचा बीम पश्चिम भिंतीपासून तीन फुटांवर, दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलेला आहे. पलंग पाच फूट बाय साडेसहा फूट आहे.

खिडकीखाली उशी ठेवली, तर बीम बरोबर कमरेवर येतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत डोक्याशी उष्णता सोडत राहते आणि पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली की गादी भिजते. पूर्वेच्या भिंतीला उशी लावली, तर बीम टळतो. पण दार डोक्याच्या बाजूला येते, आत येणारा माणूस मान वळवल्याशिवाय दिसत नाही आणि पॅसेजमधला दिवा थेट चेहऱ्यावर पडतो.

दक्षिणेच्या भिंतीला उशी लावून पलंग पश्चिम भिंतीपासून चार फुटांवर सुरू केला, तर तो नवव्या फुटाला संपतो. बीमची कड तीन इंच अलीकडे राहते, पायथ्याशी साडेतीन फूट मोकळे राहतात, म्हणून तीन फुटी दार आत पूर्ण उघडते. आणि पाय थेट दाराच्या रेषेत न येता दार तिरके समोर दिसते. फेंगशुईत पलंगाची हीच जागा उत्तम मानतात आणि वास्तुशास्त्रही दक्षिणेकडे डोके करायला सांगते. ही शास्त्रे कोणी मानो वा न मानो, दार नजरेत असले की खुट्ट झाल्यावर उठून पाहावे लागत नाही, हा फायदा उरतोच.

पलंग हलवण्यापूर्वी त्याच मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरावीत, उशीच्या जागी आडवे होऊन वर पाहावे आणि रात्री पॅसेजचा दिवा लावून पुन्हा पाहावे. पंख्याची हवा उशीपर्यंत पोहोचते का, हेही तेव्हाच तपासावे. पंखा आणि उशी यांच्यामध्ये खोल बीम असेल, तर हवा अडते.

खोली लहान असल्यामुळे बीम टळतच नसेल, तर तो निदान पायांवर यावा, डोक्यावर किंवा छातीवर नको. त्याला झाकण्यासाठी फॉल्स सीलिंग करण्याआधी पंख्याची पाती जमिनीपासून किती उंचीवर येतील ते मोजावे. ती सात फुटांच्या खाली येत असतील, तर तो विचार सोडावा. बीम मात्र कधीही तासू किंवा फोडू नये, कारण वरच्या मजल्याचा भार त्याच्यावर असतो.