भाषणाची मुलाखत करताना: बोंडअळीचा एक भाग

शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमासाठी लिहायला लागलो तेव्हा पहिलंच काम आलं ते कीटकशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या भाषणाचं. विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, आणि त्याची 10 मिनिटांची मुलाखत करायची होती. मी प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर एक प्रश्न ठेवला: "जीवनक्रमाविषयी काय सांगाल?", "नियंत्रणाविषयी काय सांगाल?" संपादकबाईंनी प्रश्नांवर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "आता नुसती उत्तरं वाच." वाचलं, तर भाषण जसंच्या तसं! प्रश्न काढूनही काही बिघडत नसेल, तर ती मुलाखत झालेलीच नाही. ही तपासणी मी आजही करतो.

भाषणाचा क्रम अभ्यासकाचा असतो: अंडी, अळी, कोष, पतंग, मग नुकसान, मग उपाय. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो, आणि मुलाखत तिथून सुरू करावी लागते. मूळ संहितेतलं वाक्य असं होतं: "निरीक्षणासाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत व प्रति सापळा 8 पतंग सलग 3 दिवस आढळल्यास उपाय योजावेत." दुसऱ्या खर्ड्यात त्याचं असं झालं:

निवेदक: बोंड वरून तर चांगलंच दिसतं. आत अळी आहे हे ओळखायचं कसं?
पाहुणे: बोंडावरून लवकर कळत नाही, कारण अळी शिरते ते भोक बुजून जातं. आधी फुलं बघा. पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. तीच डोमकळी.
निवेदक: म्हणजे डोमकळी दिसली तेव्हा अळी आलेलीच असते. त्याआधी काही कळतं?
पाहुणे: हो, कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात. हेक्टरी 5 सापळे लावा.
निवेदक: एखाददुसरा पतंग तर रोजच सापडेल. फवारणीचा विचार कधी करायचा?
पाहुणे: एका सापळ्यात रोज 8 पतंग, असं सलग 3 दिवस झालं की.

निवेदकाचा दुसरा प्रश्न "डोमकळी" या शब्दातून निघाला, तिसरा "सापळ्या"तून. असा धागा सापडला की जोडवाक्यं लागतच नाहीत. एका वाक्यातले तीन आकडेही आपोआप दोन उत्तरांत विभागले गेले. रेडिओवर ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून हे फार गरजेचं.

निवेदकाच्या तोंडी उत्तर घालू नका. "कामगंध सापळे उपयोगी पडतात ना?" असं विचारलं की पाहुण्याला "हो" एवढंच उरतं. आणि औषधाचं नाव, प्रमाण, फवारणीची वेळ यांतला शब्दही आपण बदलायचा नाही. तयार मजकूर तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यायचा.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी माझी दुसरी चूक कळली. प्राध्यापक लिहिलेली उत्तरं वाचू लागले आणि आवाज पुन्हा वर्गातला झाला. तेव्हापासून पाहुण्याच्या हाती पूर्ण उत्तरं देत नाही, फक्त मुद्दे आणि आकडे देतो. पूर्ण संहिता निवेदकाकडे राहते, म्हणजे एखादा आकडा सुटला तर तो तिथल्या तिथे विचारून घेतो.