एकाच ॲपच्या भरवशावर किचन टाकताय? या चुका टाळा

मी छोट्या किचनवाल्यांचे हिशेब लिहितो. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी येतं, "दादा, क्लाउड किचन टाकतोय, मागच्या गल्लीत गाळा स्वस्तात मिळतोय." मी विचारतो, गिऱ्हाईक कुठून येणार? उत्तर ठरलेलं असतं, ॲपवरून. त्यापुढे मेन्यू तयार असतो, लोगो तयार असतो, इन्स्टाचं पेज तयार असतं. फक्त ॲपने उद्या दर बदलला तर काय, याचा कागद कुणी केलेला नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: "पाचच टक्के तर वाढले"

रावेतमधलं एक जोडपं. नोकरी सोडून बिर्याणीचं किचन टाकलेलं, हाताला चव खरंच चांगली. रोज सरासरी ५० ऑर्डर, सगळ्या एकाच ॲपवरून. सुरुवातीचा सवलतीचा दर संपला आणि कमिशन २५ वरून ३० टक्के झाल्याचा मेल आला. तो मला म्हणाला, "पाचच टक्के वाढलेत ना, निघेल त्यातून." मी त्याला वहीवर मांडून दाखवलं.

मेन्यूतला भाव २५० रुपये. ॲपवर वर दिसावं म्हणून २० टक्के सूट, तीही यांच्याच खिशातून. राहिले २००. त्यावर २५ टक्के कमिशन, म्हणजे ५०. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ९ रुपये, आणि तो या धंद्यात परत मिळत नाही. पेमेंटचा खर्च साधारण ५. जाहिरातीवर ऑर्डरमागे १५. हातात आले १२१. कच्चा माल आणि गॅस ८५, डबा-पिशवी १२. उरले २४.

आता कमिशन ३० टक्के धरा. १० रुपये जास्त गेले, त्यावरचा जीएसटी १ रुपया ८० पैसे. उरले जेमतेम १२. विक्रीवर पाच टक्के वाढले, पण त्यांची कमाई निम्मी झाली. महिन्याच्या १५०० ऑर्डरींवर ३६,००० उरायचे, ते १८,३०० वर आले. गाळ्याचं भाडं १०,००० आणि मदतनिसाचा पगार १२,०००. आधी महिन्याकाठी १४,००० घरी जायचे, आता ३,७०० खिशातून घालायची वेळ. बिर्याणी तीच, ऑर्डरी तेवढ्याच.

मग त्यांनी सूट बंद केली. यादीत किचन खाली गेलं आणि ऑर्डरी आटल्या. भाव वाढवला, तर शेजारच्या किचनची सूट चालूच होती. एकाच दाराने गिऱ्हाईक येत असेल, तर त्या दारावरचा टोल नाकारता येत नाही.

गंमत म्हणजे हीच माणसं गाळा घेताना ११ महिन्यांचा करार नोटरीकडे न करता रजिस्टर करून घेतात, मधेच भाडं वाढवू नये म्हणून मालकाशी हुज्जत घालतात. भाड्यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम कमिशनमध्ये जाते. तो करार मात्र मोबाईलवर टिचकी मारून मान्य केलेला असतो, कुणी वाचलेला नसतो. दर कधी बदलू शकतो, किती दिवस आधी कळवतात, काम चालू ठेवलं म्हणजे नवा दर मान्य धरतात का, एवढं तरी बघा. आपल्या दुकानात ॲपपेक्षा कमी भावाने विकायला बंदी आहे का, हेही. अशा भावबंदीची तक्रार रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेने स्पर्धा आयोगाकडे नेली होती आणि २०२२ मध्ये आयोगाने झोमॅटो आणि स्विगी या दोघांच्या चौकशीचा आदेश दिला होता.

माझी सवय सांगतो. भाव काढताना ॲपचा आजचा दर मी धरतच नाही, पाच टक्के जास्त धरतो. त्या दरानेही भाडं, पगार सुटून काही उरत असेल तरच पुढे बोलू. उरत नसेल तर तो पदार्थ ॲपवर विकायचा नाही, कितीही चांगला जमत असला तरी.

दुसरी लाडकी चूक: दोन ॲप घेतले म्हणजे सुटलो

हा उपाय प्रत्येकाला स्वतःहून सुचतो. घ्या दोन्ही, हरकत नाही. पण दोन्हीकडे गिऱ्हाईकाचा नंबर तुमच्याकडे येत नाही, दोन्हीकडे यादीत वर-खाली करणारा दुसराच कुणीतरी असतो. एकाने दर वाढवला की दुसरा फार काळ मागे राहत नाही, हा माझा अनुभव. आणि ॲप स्वतःच राहील याची तरी काय खात्री? जानेवारी २०२० मध्ये झोमॅटोने उबर ईट्सचा भारतातला धंदा विकत घेतला आणि ते ॲप इथे बंद झालं. तिथे जमवलेलं रेटिंग आणि नेहमीची गिऱ्हाइकं किचनवाल्यांच्या हातात नव्हतीच. बरेच जण आपल्या ऑर्डरी पोहोचवायला डन्झो वापरायचे. तेही २०२५ च्या सुरुवातीला बंद पडलं.

खरा दुसरा रस्ता म्हणजे ॲप नसतानाही जो माल मागितला जातो तो. रात्री साडेदहाला भूक लागलेला माणूस "बिर्याणी" शोधतो, नाव लक्षात ठेवत नाही. हे गिऱ्हाईक ॲपचं, ते तुमचं कधीच होत नाही. महिन्याचा डबा, पन्नास माणसांच्या पूजेचं जेवण, गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ ही मागणी आधी ठरवून केलेली असते. माणूस फोन करतो, चव विचारतो, ॲडव्हान्स देतो. कल्पना निवडतानाच यातलं काहीतरी तुमच्या हाताशी असायला हवं. नंतर जोडू म्हणणारे सहसा जोडत नाहीत, कारण ॲपच्या ऑर्डरींची घंटी थांबत नाही आणि धंदा जोरात चाललाय असं वाटत राहतं.

रावेतच्या त्या जोडप्याने रात्रीची बिर्याणी सूट न देता ॲपवर ठेवली आणि दुपारचा डबा सुरू केला. १२० रुपयांच्या डब्यात माल आणि गॅस ६५, पोहोचवणाऱ्या पोराला १५, धुण्या-बांधण्याचे ५. डब्यामागे ३५ रुपये उरतात, म्हणजे सूट देऊन विकलेल्या २५० च्या बिर्याणीपेक्षा जास्त. ताईंनी जवळच्या सोसायट्यांत स्वतः फिरून गिऱ्हाईक मिळवलं. चाळीस डबे व्हायला बरेच महिने गेले आणि त्या काळात घरातले पैसे घालावे लागले. हे ऐकून बहुतेकांचा उत्साह मावळतो. त्यांना पहिल्या आठवड्यात पन्नास ऑर्डरी हव्या असतात, आणि त्या फक्त सूट देऊनच मिळतात.

बाकीच्या, थोडक्यात

भाडं वाचवायला रस्त्यावरून दिसणार नाही असा गाळा घेऊ नका. चालत येणाऱ्याच्या पार्सलवर कमिशन लागत नाही, तेवढ्यासाठी चार हजार जास्त भाडं परवडतं.

पिशवीत "पुढच्या वेळी थेट फोन करा" अशी चिठ्ठी टाकण्याआधी करार वाचा. काही ठिकाणी ते चालत नाही. डब्यावर स्वतःचं नाव आणि एफएसएसएआय नंबर मात्र ठळक छापा.

गूगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट होते. ती स्वतःच्या ईमेलवरून करा, फोटो काढणाऱ्या भाच्याच्या नाही.

ॲपच्या अंदाजावर कर्ज काढून दुसरं किचन टाकू नका. त्याआधी एखाद्या मंद मंगळवारी ॲप बंद ठेवा आणि दिवसभरात किती फोन येतात ते मोजा.

आणि ॲपचं आठवड्याचं सेटलमेंट स्टेटमेंट उघडून बघा. बँकेत आलेली रक्कम बघून समाधान मानणारे खूप आहेत. जाहिरातीचा खर्च, रद्द झालेल्या ऑर्डरींची वजावट, कमिशनचा बदललेला आकडा, सगळं त्याच कागदावर असतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सोमवारी सकाळी ते पाठवायला सांगतो. जे पाठवत नाहीत, त्यांचा हिशेब मी घेत नाही.